रजा मागितली, पोचली, मंजूर झाली

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी व्हॉट्सॲपवर टाकलेला ‘सर, आज येत नाही, आईची तब्येत ठीक नाही’ हा एका ओळीचा निरोप आणि त्याखाली आलेला अंगठा, एवढ्याच ऐवजावर आज अनेक नोकरदारांची रजा उभी असते. त्या दिवसापुरतं ते पुरतंही. पाच-सहा महिन्यांनी, साहेब बदलल्यावर, हजेरीपटातल्या कोऱ्या चौकटीवर कुणीतरी बोट ठेवतं आणि ‘अनधिकृत गैरहजेरीबाबत कारणे दाखवा’ असा कागद हाती येतो. तेव्हा मात्र हा ऐवज फार तोकडा पडतो. सेवाविषयक वादांकडे अभ्यासक म्हणून पाहताना मला सतत जाणवतं की या वादात बहुतेक माणसं खोटी नसतात. त्यांनी रजा मागितलेली असते, वरिष्ठांनी मानही डोलावलेली असते. पण मागितल्याचा, पोचल्याचा आणि मंजूर झाल्याचा असे तीन वेगवेगळे पुरावे लागतात, हे त्यांच्या ध्यानात आलेलं नसतं. एकाच निरोपात तिन्ही गोष्टी झाल्या असं ते धरून चालतात. या लेखात मला एवढंच मांडायचं आहे की या तिन्ही गोष्टींची नोंद ज्या त्या दिवशी आणि स्वतंत्रपणे ठेवायला हवी. आणि त्या नोंदीचा खरा उपयोग रजा मिळवण्यापेक्षा आपला हेतू दाखवण्यासाठी होतो.

ही गोष्ट गावच्या पातळीवर पाहिली की स्पष्ट होते. बुलढाणा जिल्ह्यातलं, चिखली तालुक्यातलं उंद्री घ्या. अशा गावातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाची हजेरी गावात मांडली जाते, त्याचं कार्यालय चिखलीच्या पंचायत समितीत असतं आणि जिल्हा परिषद बुलढाण्याला. किरकोळ रजा, म्हणजे नियमांच्या भाषेतली नैमित्तिक रजा, मुख्याध्यापकांच्या पातळीवर मिटते. पण रजा लांबली आणि अर्जित किंवा अर्धपगारी रजेचा प्रश्न आला, की अर्ज मुख्याध्यापकांच्या शिफारशीसह वर जातो. इथे पहिला घोटाळा होतो. मुख्याध्यापकांनी फोनवर ‘ठीक आहे, या सावकाश’ म्हटलं की शिक्षकाला वाटतं, रजा मिळाली. प्रत्यक्षात जी रजा मंजूर करण्याचा अधिकारच त्यांना नाही, तिच्याबाबत त्यांचं ‘ठीक आहे’ म्हणजे फार तर शिफारस. अंगठ्याचं चिन्ह कुणी दिलं, याच्याआधी ते देणाऱ्याला मंजुरीचा अधिकार होता का, हे पाहावं लागतं. परदेशात अंगठ्याचं वजन मोठं ठरल्याचं उदाहरण आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या न्यायालयाने २०२३ मध्ये धान्यखरेदीच्या कराराच्या छायाचित्राखाली शेतकऱ्याने टाकलेला अंगठा ही सहीच मानली आणि माल न दिल्याबद्दल त्याला नुकसानभरपाई द्यायला लावली. पण तिथे अंगठा देणारा स्वतःच्या मालाचा मालक होता. रजेच्या बाबतीत वरिष्ठ हा सरकारी अधिकाराचा वाहक असतो, आणि तो अधिकार नियमाने आखून दिलेला असतो.

आता नियम काय म्हणतात ते पाहू. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मधला दहावा नियम सांगतो की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. जिल्हा परिषदांमध्येही व्यवहारात हेच नियम लावले जातात. याच नियमांचा अठ्ठेचाळिसावा नियम रजा संपल्यानंतरही गैरहजर राहण्याबद्दल आहे. अशा मुदतीचं रजावेतन मिळत नाही, आणि गैरहजेरी बुद्धिपुरस्सर असेल तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. हे वाचून अनेकजण विचारतात की रजा हक्काची नाहीच, मग मागितल्याच्या नोंदी ठेवून काय साधणार? नोंद मंजुरीची जागा घेत नाही, हे खरंच आहे. पण अठ्ठेचाळिसाव्या नियमातला ‘बुद्धिपुरस्सर’ हा शब्द नजरेआड करू नये. शिक्षा केवळ गैरहजेरीची होत नाही, ती जाणूनबुजून केलेल्या गैरहजेरीची होते. आणि जाणूनबुजून की नाइलाजाने, हे ठरवायला त्या दिवशीच्या नोंदींइतकं बोलकं दुसरं काही नसतं.

सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक २०१२ साली कृष्णकांत परमार विरुद्ध भारत संघ या निकालात नीट उलगडला. परमार हे गुप्तवार्ता विभागात सुरक्षा सहायक होते. अनधिकृत गैरहजेरीच्या आरोपावरून त्यांची नोकरी गेली होती. त्यांचं म्हणणं होतं की आपण कामावर येत होतो, पण हजेरीपटावर सही करू दिली जात नव्हती. न्यायालयाने सांगितलं की अर्ज किंवा पूर्वपरवानगीशिवाय गैरहजर राहणं अनधिकृत ठरू शकतं, पण अनधिकृत म्हणजे प्रत्येक वेळी बुद्धिपुरस्सर असं नाही. आजारपण, अपघात, रुग्णालयात दाखल होणं अशी कारणं माणसाच्या हाताबाहेरची असतात. गैरहजेरी बुद्धिपुरस्सर होती हे चौकशीत सिद्ध झालं नाही, तर तिला कर्तव्यच्युती म्हणता येत नाही. त्याच्याही आधी, १९९३ च्या डी. के. यादव प्रकरणात, आठ दिवसांहून अधिक गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपते असा कारखान्याचा स्थायी आदेश न्यायालयापुढे होता. कामगार म्हणत होता की मी रोज दारात येत होतो, आत घेतलं नाही. मालक म्हणत होता की तो आलाच नाही. चौकशी न करता असं काढून टाकणं नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असं ठरवून न्यायालयाने त्याला परत घ्यायला लावलं. दोन्ही प्रकरणांत भांडण शब्दाविरुद्ध शब्दाचं होतं. कर्मचारी जिंकला, पण त्यासाठी त्याला वर्षानुवर्षं आणि थेट दिल्लीपर्यंत जावं लागलं. ‘आज आलो होतो, आत सोडलं नाही’ असा त्याच दिवशीचा लेखी कागद असता, तर चौकशी अधिकाऱ्यालाही त्याच्याकडे काणाडोळा करणं जड गेलं असतं.

एक प्रकरण तपशिलात मांडून बघू. ते कल्पित आहे, पण त्यातला एकेक तुकडा सेवेतल्या माणसांच्या ओळखीचा आहे. समजा, उंद्रीच्या शाळेतल्या एका शिक्षिकेची आई अकोल्याच्या रुग्णालयात दाखल झाली. सोमवार, ४ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी तिने मुख्याध्यापकांना तो एका ओळीचा निरोप पाठवला आणि अंगठा आला. तीन दिवसांची किरकोळ रजा धरली गेली. ६ तारखेला संध्याकाळी शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा तिने फोन केला की अजून आठ दिवस लागतील. पलीकडून ‘हो हो, बघू’ असं उत्तर आलं. ११ तारखेला तिने सहकाऱ्याच्या हाती अर्ज पाठवला आणि त्याने तो हजेरीपटात सरकवून ठेवला. १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला ती हजर झाली आणि तिला वाटलं, विषय संपला. पुढे मुख्याध्यापकांची बदली झाली. जानेवारीत नोटीस आली की ७ ते १४ ऑगस्ट असे आठ दिवस आपण अनधिकृत गैरहजर होता.

आता तिच्या हातात काय आहे ते मोजू. सोमवारचा निरोप रजा मागितल्याचं आणि पोचल्याचं दाखवतो, पण त्यात किती दिवस, कोणती रजा आणि मुख्यालय सोडण्याची परवानगी, यातलं काहीच नाही. ‘आज येत नाही’ म्हणजे आज, एवढाच त्याचा अर्थ. ६ तारखेच्या फोनचा मोबाइलमध्ये उरलेला पुरावा म्हणजे दोन-तीन मिनिटांचा कॉल झाला, इतकाच. त्यात काय बोलणं झालं हे त्या नोंदीत नसतं. ११ तारखेच्या अर्जावर आवक क्रमांक नाही, पोच नाही. तो अर्ज त्या दिवशी दिला की नोटीस आल्यावर लिहून आत घातला, हे सांगायला एकही शिक्का नाही. इथे एक कडू गोष्ट बोलायलाच हवी. तारीख न घातलेला अर्ज टेबलात किंवा हजेरीपटात ठेवून जायचं, तपासणी झालीच तर तो पुढे करायचा, नाही झाली तर फाडून टाकायचा, ही पद्धत अनेक ठिकाणी ठाऊक आहे. त्या पद्धतीमुळेच, आवक क्रमांक नसलेला खरा अर्जही वरच्या कार्यालयाला संशयास्पद वाटतो. काहींच्या सवयीची किंमत इथे खरं बोलणारी बाई चुकवते.

हेच आठ दिवस सुरक्षित कसे झाले असते? ६ तारखेचा फोन ठेवल्या ठेवल्या तिने एवढं लिहायचं होतं: ‘सर, आत्ता ७ वाजून ४० मिनिटांनी फोनवर बोलल्याप्रमाणे, आईची शस्त्रक्रिया अकोला येथे असल्याने दिनांक ७ ते १४ ऑगस्ट, एकूण आठ दिवस, अर्धपगारी रजा व मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी ही विनंती. लेखी अर्ज उद्या शाळेत पोचवते. मंजूर किंवा नामंजूर कृपया कळवावे.’ फोनवरच्या बोलण्याची ही लेखी उजळणी म्हणजे साऱ्या युक्त्यांतली सगळ्यात साधी आणि सगळ्यात उपयोगाची युक्ती. पलीकडच्याला बोलणं चुकीचं वाटलं तर तो त्याच दिवशी ‘असं ठरलं नव्हतं’ असं लिहील. तो गप्प राहिला तर त्या गप्प राहण्यालाही पुढे काही वजन येतं. गप्प राहणं म्हणजे मंजुरी नव्हे, हे पुन्हा सांगतो. पण ‘मला काही कळवलंच नव्हतं’ हे म्हणणं मात्र मग टिकत नाही. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याने अर्ज दोन प्रतींत द्यायचा, एकीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घेऊन तिचा फोटो शिक्षिकेला पाठवायचा. शाळेत पोच मिळत नसेल, तर तोच अर्ज पोस्टाने पोचपावतीसह किंवा कार्यालयाच्या ईमेलवर पाठवायचा. यात एक खाच आहे. आई आजारी असताना रजा मिळणं सोपं जावं म्हणून स्वतःच्याच आजाराचं प्रमाणपत्र जोडण्याचा मोह होतो. सोमवारचा निरोप म्हणतो आईची तब्येत ठीक नाही आणि अर्ज म्हणतो मी आजारी आहे. अशा दोन नोंदी समोरासमोर आल्या की अर्जाबरोबर माणूसही खोटा पडतो. नोंद ही दुधारी असते. ती खरं बोलणाऱ्याच्याच बाजूने उभी राहते. अर्धपगारी रजा खासगी कामासाठीही मागता येते, ती वर्षाला २० दिवस खात्यात जमा होते, मग खोट्याची गरजच नाही.

अंगठ्यावर आणि निळ्या खुणेवर किती विसंबावं? व्हॉट्सॲपवर एक करडी खूण म्हणजे निरोप निघाला, दोन करड्या म्हणजे पलीकडच्या फोनवर पोचला, आणि दोन निळ्या म्हणजे उघडला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका प्रकरणात, व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस नुसती पोचली नाही तर उघडलीही गेली, हे निळ्या खुणांवरून मान्य केलं होतं. पण निळी खूण बंद ठेवता येते, आणि ती बंद असली म्हणजे निरोप वाचला नाही असं होत नाही. म्हणून निरोपाला दाबून धरून त्याच्या माहितीत दिसणारी पोचल्याची वेळ बघावी, ती जास्त भरवशाची. दुसरं, पाठवलेला निरोप काही काळ बदलता किंवा सगळ्यांसाठी पुसता येतो, आणि काही गप्पांमध्ये निरोप ठरावीक दिवसांनी आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असते. वरिष्ठांशी असलेल्या गप्पेत ही सोय चालू असेल, तर उद्याचा पुरावा आजच वाफ होऊन जातो. तिसरं, स्क्रीनशॉटमध्ये फक्त ‘हेडसर’ असं जतन केलेलं नाव दिसतं, क्रमांक दिसत नाही. तो क्रमांक त्यांचाच होता हे वेगळं दाखवावं लागतं. म्हणून स्क्रीनशॉटसोबत त्यांच्या संपर्काचा क्रमांक दिसणारा फोटो घ्यावा आणि त्या गप्पेची निर्यात करून ती मजकुराची फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवावी.

आणि फोन सांभाळावा. का, ते उंद्रीच्या शेजारच्याच जिल्ह्यातल्या एका खटल्यावरून नीट समजतं. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा अर्ज तीन वाजण्याच्या मुदतीत आला की नंतर, यावर वाद झाला. कैलास गोरंट्याल यांनी निवडणुकीला आव्हान दिलं. पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण, आणि त्याच्या चकतीसोबत कायद्याने लागणारं प्रमाणपत्र मिळत नव्हतं. १४ जुलै २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुढे करायची असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र मूळ उपकरणच न्यायालयात आणलं, त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर त्याची गरज नाही. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे आणि त्याच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांत मागितलं आहे, एक उपकरण सांभाळणाऱ्याचं आणि दुसरं तज्ज्ञाचं. शिक्षिकेच्या दृष्टीने अर्थ सरळ आहे. स्क्रीनशॉट ही प्रत आहे, फोन मूळ आहे. प्रकरण चालू असताना तो विकला, दुरुस्तीला देऊन पुसून आणला, तर हातातला मूळ पुरावा जातो. खातेअंतर्गत चौकशीत साक्ष्य कायद्याची इतकी काटेकोर मोजदाद होत नाही, तिथे शक्यतेचं पारडं कुणीकडे झुकतं एवढं पाहिलं जातं. तरीही चौकशीचा निकाल पुढे कोर्टात जाऊ शकतो, हे गृहीत धरूनच नोंद करावी.

प्रत्यक्ष नोंदीला एक शंभर पानी वही पुरते. प्रत्येक रजेला एक ओळ: कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणाला, कशाने कळवलं, कोणती रजा, कधीपासून कधीपर्यंत, उत्तर काय आलं, कधी, अर्जाचा आवक क्रमांक. आणि शेवटचा रकाना, जो बहुतेकजण विसरतात, तो म्हणजे कागदावर पुढे काय झालं. रुजू अहवाल दिला का, हजेरीपटात त्या दिवसांवर कोणती खूण पडली, मंजुरी आदेशाचा क्रमांक काय, त्या महिन्याच्या पगारातून काही कपात झाली का, आणि वर्षअखेर सेवापुस्तकातल्या रजेच्या हिशेबात ते दिवस वजा झाले का. ही शेवटची पायरी झाली नाही तर मंजुरी कितीही खरी असली तरी ती अधांतरी राहते. रजेचे वाद दोन-तीन वर्षांनी वेतनवाढीच्या किंवा निवृत्तिवेतनाच्या वेळी उगवतात ते याच पायरीवरून. आपल्या प्रती हरवल्या असतील तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. १० रुपयांच्या अर्जावर आवक नोंदवहीच्या पानाची किंवा हजेरीपटाची प्रत मागता येते, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण ज्या अर्जाची आवकच झाली नाही, त्याची प्रत कोणताही कायदा मिळवून देत नाही.

या साऱ्यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो हलका नाही. एका शाळेत काम करणारी माणसं, रोज एकत्र डबा खाणारी. तिथे प्रत्येक शब्द लेखी मागायचा म्हणजे विश्वासाला तडा, आणि वर ‘वकिली करतो’ असा शिक्का. माझं उत्तर असं की विश्वास माणसावर असतो, आणि माणसं बदलीने जातात. फाइल तिथेच राहते. ज्या मुख्याध्यापकांनी भल्या मनाने ‘या सावकाश’ म्हटलं, त्यांनाही उद्या विचारलं जाईल की कोणत्या आधारावर सोडलंत. म्हणजे लेखी विनंती ही त्यांचीही ढाल आहे. प्रश्न उरतो तो भाषेचा. ‘पुराव्यासाठी लिहून द्या’ हे बोचतं, ‘विनंती, मंजूर असल्यास कळवावे’ हे बोचत नाही, आणि दोन्हींचा उपयोग सारखाच. दुसरा आक्षेप खासगीपणाचा आहे. आजाराचं नाव, तपासणीचे कागद कशाला साऱ्यांपुढे मांडायचे? बरोबर आहे. म्हणूनच रजेचा निरोप शाळेच्या ग्रुपवर न टाकता फक्त ज्यांना कळवायचं त्यांनाच पाठवावा, त्यात कारण एका ओळीत असावं, आणि वैद्यकीय कागद अर्जासोबतच द्यावेत. ग्रुपवर टाकलेला निरोप तसाही अर्धवट पुरावा असतो, कारण तो नेमका कुणाला उद्देशून होता हे सांगता येत नाही.

कल्पित शिक्षिकेच्या हाती शेवटी काय उरलं, ते पाहून थांबतो. आठ दिवसांची मंजुरी तिच्याकडे नव्हती, आणि कुठल्याही वहीने ती तिला मागाहून दिली नसती. पण रुग्णालयाचं दाखल-सुट्टीचं पत्रक, ६ तारखेच्या कॉलची नोंद, आणि १५ ऑगस्टची तिची हजेरीपटावरची सही, एवढ्यावर ती पळून गेली नव्हती हे ती मांडू शकली असती. कॉलनंतरचा तो चार ओळींचा निरोप असता, तर तिला मांडावंच लागलं नसतं. तेव्हा पुढच्या वेळी वरिष्ठांशी रजेबद्दल फोनवर बोलाल, तेव्हा फोन खिशात घालण्याआधी एवढं करा: बोललात ते तारखांसकट लिहून त्याच क्रमांकावर पाठवा. अर्ज, आवक क्रमांक आणि वही त्यानंतर.